बदकाचं उत्तर तीन, क्षत्रियाचं किती?

एनएलपी, म्हणजे कॉम्प्युटरकडून माणसांची भाषा हाताळून घ्यायचा विषय; त्याच्या दुसऱ्या असाइनमेंटचा कागद सोमवारी दुपारी कॉलेजच्या पोर्टलवर आला. मी तो पहिल्यांदा वाचला संध्याकाळी, दादरहून डोंबिवलीला जाताना, दरवाज्याजवळच्या गर्दीत एका हातात मोबाइल धरून. तिसरा प्रश्न दोनच वाक्यांचा होता. दिलेल्या मराठी फाइलमधले वेगवेगळे शब्द काढा. त्यांतले सर्वांत लांब दहा शब्द, प्रत्येकाच्या कॅरेक्टर्समधल्या लांबीसह, उतरत्या क्रमाने छापा. खाली नमुना दिला होता:

```
बदक 3
घर 2
```

पंचवीसपैकी दहा मार्क या एका प्रश्नाला होते आणि तपासणी स्क्रिप्टने होणार होती. म्हणजे आमचा प्रोग्रॅम एका वेगळ्याच, आम्हाला न दाखवलेल्या फाइलवर चालवायचा आणि आलेली प्रत्येक ओळ अपेक्षित ओळीशी जशीच्या तशी जुळते का ते पाहायचं. पहिल्या वाचनात मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. कोपर येईपर्यंत मनातल्या मनात प्रोग्रॅम लिहूनही झाला होता.

घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि तेवढ्यात मागच्या सेमिस्टरची आठवण झाली. तेव्हा डेटाबेसच्या असाइनमेंटमध्ये 'ग्राहकांच्या दुबार नोंदी काढून टाका' असं एक वाक्य होतं. एकाच ग्राहकाच्या दोन नोंदी असतील तर आधीची ठेवायची की नंतरची, याबद्दल एक शब्दही नव्हता. मी आधीची ठेवली. अपेक्षित होती नंतरची, कारण तिच्यात ताजा पत्ता असतो. दहापैकी सहा मार्क गेले. सरांकडे गेले तर ते म्हणाले, "शंका होती तर आधी विचारायचं होतं." मला खरं तर शंका आलीच नव्हती. एक अर्थ डोक्यात बसला आणि दुसरा दिसलाच नाही. त्यामुळे या वेळी मी ठरवलं की कोड लिहायच्या आधी कागद हातात घेऊन प्रत्येक नामावर बोट ठेवायचं आणि विचारायचं: याचे दोन अर्थ होतात का?

'कॅरेक्टर' या शब्दावर बोट ठेवलं आणि तिथेच अडकले.

आपण मराठी माणसं 'मुंबई' हा शब्द तीन अक्षरी म्हणतो: मुं, ब, ई. शाळेत कुणी विचारलं असतं तर दुसरं उत्तर दिलंच नसतं. पण कॉम्प्युटरमध्ये हा शब्द तीन तुकड्यांत साठवलेला नसतो. युनिकोडमध्ये म ला एक क्रमांक आहे, उकाराला वेगळा, अनुस्वाराला वेगळा. अशा प्रत्येक क्रमांकाला कोड पॉइंट म्हणतात. आणि फाइलमध्ये लिहिताना, यूटीएफ-८ पद्धतीत, देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट तीन बाइट घेतो. पायथनला विचारून पाहिलं:

```python
>>> len("मुंबई")
5
>>> len("मुंबई".encode("utf-8"))
15
```

एकाच शब्दाची लांबी तीन, पाच आणि पंधरा. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त प्रश्न वेगवेगळे आहेत. आणि कागदावरचा 'कॅरेक्टर' हा शब्द तिघांपैकी कुणालाही लावता येतो. सी भाषेत बाइटलाच `char` म्हणतात. पायथनच्या दृष्टीने कॅरेक्टर म्हणजे कोड पॉइंट. आणि मराठी वाचणाऱ्याला कॅरेक्टर म्हणजे अक्षर.

मग नमुना पुन्हा पाहिला. 'बदक'समोर ३ आहे. बाइट मोजले असते तर ९ आले असते, म्हणजे बाइट बाद. तेवढं तरी कागदाने स्वतःच सांगितलं होतं. पण बदकात काना नाही, मात्रा नाही, जोडाक्षर नाही. 'घर'मध्येही नाही. ज्या शब्दांत फक्त साधी व्यंजनं आहेत, तिथे कोड पॉइंट आणि अक्षरं यांची संख्या सारखीच येते. नमुन्याला नेमके असे दोन शब्द निवडले गेले होते की ज्यांच्यावरून काहीच ठरत नाही. मॅडमनी हे मुद्दाम केलं नव्हतं. नमुन्याला आपण सहज सोपे शब्द घेतो आणि सोपे शब्द हे बहुतेक वेळा असेच असतात.

वर्गाच्या ग्रुपवर तोपर्यंत चर्चा सुरू झाली होती. एकाने लिहिलं, "सरळ `len` वापरा." दुसरीने लिहिलं, "अक्षरंच असणार, मराठीचा विषय आहे." दोघंही ठामपणे सांगत होते आणि दोघांकडेही कागदातला आधार नव्हता. मी मागच्या दोन लेक्चरच्या नोट्स काढल्या. दुसऱ्या लेक्चरमध्ये कोड पॉइंट आणि अक्षर यांतला फरक मॅडमनी नीट शिकवला होता, पण असाइनमेंटमध्ये कोणतं धरायचं हे तिथे असणं शक्यच नव्हतं. उलट नोट्स वाचून एवढंच पक्कं झालं की दोन्ही अर्थ त्यांच्या मनात असू शकतात.

मंगळवारी लेक्चर संपल्यावर मी टेबलापाशी गेले. आधीच पाचसहा जण घेराव घालून उभे होते. मी "मॅडम, तिसऱ्या प्रश्नात..." एवढं म्हणताच त्या म्हणाल्या, "मेल कर ना. तोंडी सांगितलं तर प्रत्येकाला वेगळं ऐकू जातं." ते मला पटलं. लेखी उत्तर सगळ्यांना सारखंच राहतं.

रात्री मेल लिहायला बसले. पहिला मसुदा असा झाला: 'नमस्कार मॅडम, असाइनमेंट २ मधला तिसरा प्रश्न नीट समजला नाही. कॅरेक्टर म्हणजे नक्की काय अपेक्षित आहे ते कृपया समजावून सांगाल का?' नम्र होता, छोटा होता. पाठवायच्या आधी ताईला दाखवला. ताई ऐरोलीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे, दिवसभर तिचं कामच मुळी 'यात नक्की काय अपेक्षित आहे' हे विचारण्याचं आहे.

ती म्हणाली, "हा मेल मला आला तर मी काय करीन सांगू? 'लेक्चर दोनच्या नोट्स पाहा' असं उत्तर देईन. तू नोट्स पाहिल्यास हे यात कुठे आहे?"

"नाहीये."

"आणि तुला दोन अर्थ दिसले हे तरी कुठे आहे? तू 'समजलं नाही' म्हणतेस. खरं तर तुला जास्तच समजलंय. एक असा शब्द शोध की ज्यावर दोन अर्थांची उत्तरं वेगळी येतात. मग विचार, यातलं कुठलं? म्हणजे त्यांना समजावत बसायला लागणार नाही, बोट दाखवलं की झालं."

शब्द शोधणं मला वाटलं तितकं सोपं नव्हतं. 'मुंबई' चालला असता, तिथे ५ आणि ३ असा फरक आहे. पण मला त्याहून टोकाचं काही हवं होतं. नुसता आकडा बदलतो असं दाखवलं तर मॅडमना ते किरकोळ वाटू शकलं असतं. क्रमच उलटा होतो असं दाखवता आलं, तर प्रश्नाचं वजन एका नजरेत कळलं असतं. अशी जोडी हवी होती की एका मोजमापाने पहिला शब्द लांब आणि दुसऱ्याने दुसरा.

जोडाक्षरं भरपूर असलेला छोटा शब्द आणि साध्या व्यंजनांचा लांब शब्द, एवढं सुचल्यावर मग जमलं. 'क्षत्रिय' घ्या. कोड पॉइंट मोजले तर क, हलन्त, ष, त, हलन्त, र, ऱ्हस्व इकार, य असे आठ. अक्षरं मात्र तीनच: क्ष, त्रि, य. आता 'चटकदार' घ्या. च, ट, क, द, काना, र असे सहा कोड पॉइंट; अक्षरं च, ट, क, दा, र अशी पाच. कोड पॉइंटने 'क्षत्रिय' वर, अक्षरांनी 'चटकदार' वर. या दोन शब्दांची फाइल करून प्रोग्रॅम दोन्ही प्रकारे चालवून पाहिला, कारण बोटांवर मोजलेलं मेलमध्ये घालायची मला हिंमत नव्हती. नंतर सरावाची पूर्ण फाइलही दोन्ही प्रकारे चालवली. दहा-दहा शब्दांच्या दोन याद्या आल्या आणि त्यांत सामाईक शब्द होते फक्त चार. म्हणजे चुकीचा अर्थ धरला असता तर तपासणीत बहुतेक सगळ्या ओळी चुकल्या असत्या, एखाददुसरी नाही.

याच खटपटीत आणखी एक गोष्ट सापडली आणि तिने माझा तासभर खाल्ला. शब्द वेगळे करायला मी सवयीने `\w+` वापरलं होतं:

```python
>>> re.findall(r"\w+", "मुंबई")
['म', 'बई']
```

पायथनच्या नेहमीच्या `re` मॉड्यूलमध्ये `\w` ला काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे शब्दाचे भाग वाटत नाहीत. त्यामुळे मराठी शब्दाचे प्रत्येक मात्रेपाशी तुकडे पडतात. यादीत 'षत' आणि 'बई' असले शब्द दिसायला लागले की समजायचं, हेच झालंय. पहिल्या झटक्यात मी हेही मेलमध्ये लिहिलं: 'शब्द कसे वेगळे करायचे?' मग थांबले. हा कागदातला गोंधळ नव्हता. मराठी शब्द अखंड राहिला पाहिजे याबद्दल कुणाच्या मनात शंका असेल? माझं हत्यार चुकीचं होतं आणि ते बदलणं माझं काम होतं. ते वाक्य खोडलं. मोकळ्या जागेवर तोडून कडेची विरामचिन्हं काढायची, असं केलं आणि ते चाललं.

अशी चाळणी लावत गेल्यावर प्रश्न भराभर कमी झाले. सुरुवातीला वहीत सात लिहिले होते. एकच शब्द फाइलमध्ये दहा वेळा आला तर तो एकदाच धरायचा का, याचं उत्तर कागदातच होतं: 'वेगवेगळे शब्द'. मी ते दोनदा वाचूनही पाहिलं नव्हतं. आकडे शब्द मानायचे का, हे विचारून काही फायदा नव्हता, कारण सर्वांत लांब दहांत आकडा येण्याची शक्यता नगण्य होती. आउटपुटमधले अंक मराठी की इंग्रजी, हे नमुन्यात दिसत होतं. शेवटी तीन उरले. कॅरेक्टर म्हणजे काय, हा पहिला. 'आई-वडील' हा एक शब्द की दोन, हा दुसरा. आणि तिसरा, दहाव्या क्रमांकावर सारख्याच लांबीचे तीन शब्द आले तर कुठला छापायचा. हा तिसरा कागद वाचताना दिसला नव्हता, सरावाच्या फाइलवर प्रोग्रॅम चालवल्यावर दिसला. दोनदा चालवला तर दहावा शब्द दोन्ही वेळा वेगळा आला, कारण मी शब्द `set` मध्ये साठवले होते आणि त्याला ठरलेला क्रम नसतो. प्रोग्रॅम न बदलता उत्तर बदललं, तर तिथे काहीतरी ठरवायचं राहिलंय हे नक्की.

मेल मी इंग्रजीत पाठवला, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. मराठीत तो साधारण असा होता:

विषय: एनएलपी असाइनमेंट २, प्रश्न ३: 'कॅरेक्टर'चा अर्थ आणि दोन छोट्या शंका

नमस्कार मॅडम,

मी एमएस्सी भाग दोनची विद्यार्थिनी. प्रश्न ३ सुरू करण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करायच्या आहेत. कागद, नमुना आणि लेक्चर २ च्या नोट्स पाहिल्या आहेत.

१. लांबी कशात मोजायची?
अ) कोड पॉइंट: क्षत्रिय ८, चटकदार ६
ब) अक्षरं: चटकदार ५, क्षत्रिय ३
दोन्हींत क्रम उलटा होतो. 'बदक ३' आणि 'घर २' हा नमुना दोन्हींत बसतो.

२. 'आई-वडील' हा (अ) एक शब्द की (ब) दोन?

३. दहाव्या जागी सारख्या लांबीचे अनेक शब्द असतील तर (अ) सगळे छापायचे की (ब) काही क्रम लावून दहाच?

उत्तर येईपर्यंत मी १-अ, २-अ, ३-ब धरून काम सुरू करते आणि ते रीडमी फाइलमध्ये लिहून ठेवते.

खाली नाव आणि रोल नंबर.

यातल्या प्रत्येक ओळीवर मी विचार केला होता. विषयाच्या ओळीत असाइनमेंटचा आणि प्रश्नाचा क्रमांक घातला, कारण मॅडमकडे तीन विषय आहेत आणि नुसत्या 'शंका' या विषयाचे मेल त्यांना रोज येत असणार. अ आणि ब ही अक्षरं यासाठी की मोबाइलवरून उत्तर देताना तीन अक्षरं लिहिली तरी काम भागावं. नोट्स पाहिल्याचं वाक्य ताईमुळे आलं. शेवटची ओळ मी स्वतःहून घातली. उत्तर उशिरा आलं तर मी हातावर हात ठेवून बसणार नाही हे त्यातून कळतं, आणि माझा अंदाज चुकीचा असेल तर त्यांना लगेच दिसतो. चुकीचं विधान समोर दिसलं की शिक्षक ते दुरुस्त करतातच; मोकळा प्रश्न मात्र 'नंतर बघू' म्हणून बाजूला राहू शकतो.

१-अ धरलं त्याचं कारणही सांगते. 'कॅरेक्टर' हा पायथनमधला रूढ शब्द आणि सगळा कोर्स पायथनमध्ये, म्हणून मला कोड पॉइंटची शक्यता जास्त वाटली. साठ-चाळीस म्हणा.

बुधवारी सकाळी नऊला पाठवला. रात्री अकराला पाठवला असता तर तो सकाळच्या ढिगात खाली गेला असता. वाट पाहताना फाइल वाचणं, विरामचिन्हं काढणं, वेगवेगळे शब्द जमवणं एवढं लिहून टाकलं. लांबी मोजण्याचं काम एका वेगळ्या छोट्या फंक्शनमध्ये ठेवलं, म्हणजे उत्तर काहीही आलं तरी बाकीच्याला हात लावावा लागणार नाही.

उत्तर गुरुवारी दुपारी आलं. बहुधा स्टाफरूममधून, मोबाइलवरून. '१-ब, अक्षरं. नमुन्यात जोडाक्षर घ्यायला हवं होतं, बदलते. २-अ. ३-ब, वर्णक्रमाने पहिला.'

साठ-चाळीसमधले चाळीस खरे ठरले होते. मी न विचारता `len` वापरून मोकळी झाले असते, तर दहाच्या दहा मार्क गेल्यात जमा होते. पाच मिनिटं मी नुसती ते उत्तर पाहत बसले.

मग दिसलं की उत्तरातच एक नवा दुपदरी शब्द आहे: वर्णक्रम. मराठी शब्दकोशात ळ येतो ह नंतर, आणि क्ष, ज्ञ अगदी शेवटी. युनिकोडमध्ये ळ चा क्रमांक ल आणि व यांच्या मधे आहे, आणि क्ष ला स्वतंत्र क्रमांकच नाही. तो क, हलन्त, ष असा लिहिला जातो म्हणून क च्या शब्दांतच पडतो. त्यामुळे 'काळा' आणि 'कावा' हे दोन अक्षरी शब्द समोर आले, तर शब्दकोशाने 'कावा' आधी आणि पायथनच्या `sorted` ने 'काळा' आधी. पुन्हा मेल करावा की नको, यावर मी बराच वेळ घालवला. एकदा त्रास दिलाय, दुसऱ्यांदा कसा द्यायचा, असं वाटत होतं. ताई म्हणाली, "पहिल्या मेलच्या उत्तरातूनच प्रश्न निघालाय, तर त्याच मेलखाली एका ओळीत विचार. नवा मेल नको." मी लिहिलं: 'धन्यवाद मॅडम. वर्णक्रम म्हणजे पायथनच्या साध्या `sorted` चा (काळा, कावा) की शब्दकोशाचा (कावा, काळा)? मी `sorted` धरते आहे.' तासाभरात उत्तर आलं: 'sorted. बरोबर.'

संध्याकाळी पोर्टलवर सुधारित कागद लागला. 'कॅरेक्टर्स' जाऊन 'अक्षरे' आलं होतं, नमुन्यात बदकाच्या वर 'चटकदार 5' आणि 'क्षत्रिय 3' बसले होते आणि शेवटी समान लांबीबद्दल एक ओळ वाढली होती. माझं नाव कुठे नव्हतं आणि ते योग्यच होतं. ग्रुपवर `len` वाल्या मुलाने लिहिलं, "बरं झालं, मी सबमिट करणारच होतो."

आता फंक्शन लिहायचं होतं. तयार लायब्ररी वापरायचा मोह झाला, पण तिथे एक खड्डा आहे. वाचणाऱ्याला जो एक घटक दिसतो त्याला युनिकोडच्या नियमांत ग्राफीम क्लस्टर म्हणतात आणि हे नियम बदलत आले आहेत. जुन्या नियमांनुसार हलन्तानंतर तुकडा पडतो, म्हणजे 'क्षत्रिय'चे क्, ष, त्, रि, य असे पाच होतात. २०२३ मध्ये आलेल्या १५.१ आवृत्तीपासून देवनागरीची जोडाक्षरं एकत्र राहतात आणि तीन होतात. माझ्या लॅपटॉपवर एक आवृत्ती आणि तपासणीच्या मशीनवर दुसरी असली, तर तोच प्रोग्रॅम दोन उत्तरं देईल. म्हणून हातानेच लिहिलं. नियम सोपा आहे: प्रत्येक स्वर किंवा व्यंजन मोजायचं, पण त्याच्या लगेच आधी हलन्त असेल तर सोडून द्यायचं, कारण ते आधीच्याला जोडलेलं आहे.

```python
import unicodedata

def akshare(shabd):
    n, adhi = 0, ""
    for c in shabd:
        if unicodedata.category(c) == "Lo" and adhi != "\u094d":
            n += 1
        if c != "\u200d":
            adhi = c
    return n
```

`\u094d` हा हलन्त. `\u200d` ची ओळ 'दऱ्या'सारख्या शब्दांसाठी. त्यातला र काही कीबोर्ड ऱ या स्वतंत्र चिन्हाने लिहितात आणि काही र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह अशा तिघांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. न दिसणाऱ्या चिन्हाकडे दुर्लक्ष केलं की दोन्हींची अक्षरं दोनच येतात.

सरावाची फाइल जुन्या मराठी गद्याची होती, आणि तिच्यात 'अर्थात्' असा पाय मोडलेला त असलेला शब्द मिळाला. माझ्या फंक्शनने त्याची अक्षरं तीन दिली: अ, र्था, त्. पण पाय मोडलेलं शेवटचं व्यंजन स्वतंत्र अक्षर धरायचं की नाही? त्याला स्वतःचा स्वर नाही, त्यामुळे दोनच आहेत असंही कुणी म्हणेल. हेही विचारावं का? मी दोन्ही प्रकारे यादी काढून पाहिली. दहापैकी एकही शब्द बदलला नाही, एकही आकडा बदलला नाही. तिसऱ्यांदा मेल करण्याइतकं ते मोठं नव्हतं. रीडमीमध्ये एक ओळ घातली: 'शब्दाच्या शेवटी पाय मोडलेलं व्यंजन एक अक्षर धरलं आहे; उदाहरणार्थ अर्थात् = ३.' आणि सबमिट केलं.

पंधरा दिवसांनी व्हायवा होता. स्क्रिप्टची तपासणी पार पडली होती, दहापैकी दहा. मॅडमच्या हातात माझ्या कोडची प्रिंट होती. त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली, फंक्शनपाशी पेन्सिल थांबवली आणि विचारलं, "आणि शेवटी पाय मोडलेला असेल तर?"

"एक धरलाय मॅडम. रीडमीमध्ये चौथी ओळ."

त्यांनी पान उलटलं, ती ओळ वाचली. "हे मेलमध्ये का नाही विचारलंस?"

"दोन्ही प्रकारे चालवून पाहिलं होतं. यादी बदलत नव्हती."

"या फाइलवर नव्हती," त्या म्हणाल्या. "माझ्या फाइलवर बदलली असती तर?"

मला उत्तर सुचलं नाही. तपासणीची फाइल वेगळी असणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तरी मी फक्त माझ्याजवळच्या फाइलवर पाहून ठरवलं होतं. मॅडमनी टेबलावरचा असाइनमेंटचा सुधारित कागद पुढे ओढला आणि नमुन्याच्या खाली, 'घर 2'च्या ओळीनंतर, पेन्सिलीने 'अर्थात्' लिहून पुढे आकड्याची जागा मोकळी ठेवली. "पुढच्या बॅचसाठी," त्या म्हणाल्या आणि पुढचा रोल नंबर पुकारला.